अर्ज पाण्याचा, राग बाजूला



उन्हाळी आवर्तन सुरू झाले की आमच्याकडे उसाच्या नोंदीसाठी येणारे सभासद खिशातून आणखी एक कागद काढतात. ‘जरा वाचून बघा, साहेबाला द्यायचाय,’ म्हणतात. बहुतेक वेळा तो पाटपाण्याच्या तक्रारीचा अर्ज असतो आणि बहुतेक वेळा तो रात्री, चारीवरून रिकाम्या हाताने परत आल्यावर लिहिलेला असतो. अशाच एका अर्जाचे आम्ही काय केले ते या अंकात सविस्तर देत आहोत. ओळख पटू नये म्हणून गट, चारी, दार यांचे नंबर आणि तारखा बदलल्या आहेत. मूळ मसुदा असा होता :

‘मा. साहेब, टेलच्या शेतकऱ्याची माणसात गणती आहे का नाही? माझ्या आज्याने कालव्याला रान दिलं तेव्हा तुमचं ऑफिससुद्धा नव्हतं. आज आम्हालाच पाणी नाही. पाटकरी पैसे खातो हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. वरचे बागायतदार रात्री मोटारी लावून पाणी उपसतात, त्यांना कोण बोलणार, ते पुढाऱ्यांचे सोयरे. चार वर्षं हेच चाललंय. मागं गेट मोडलं तेही कोणी नीट केलं नाही. आमची पाळी ११ तारखेला होती, दोन दिवस चारीवर बसलो, पाणी आलंच नाही. पट्टी मात्र बरोबर भरून घेता. दोन एकर ऊस वाळला, सोसायटीचं कर्ज आहे, मुलीचं लग्न आहे. आता पाणी दिलं नाही तर ऑफिसला कुलूप ठोकू, होणाऱ्या परिणामास आपण जबाबदार राहाल.’

यातले एकही वाक्य खोटे आहे असे आमचे म्हणणे नाही. पण हा कागद ऑफिसात गेल्यावर त्याचे काय होते ते आधी पाहू. उपविभागीय अभियंता त्यावर ‘चौकशी करून अहवाल द्यावा’ असा शेरा मारतात. कागद शाखाधिकाऱ्याकडे जातो, तिथून कालवा निरीक्षकाकडे, आणि शेवटी ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्या पाटकऱ्यालाच विचारणा होते. तो म्हणतो, ‘मी पैसे घेतले नाहीत.’ अहवाल वर जातो : ‘अर्जदाराच्या आरोपात तथ्य आढळले नाही.’ अर्ज निकाली. पाण्याचे काय झाले हे कोणी विचारतच नाही, कारण अर्जाने त्यांना उत्तर द्यायला दुसरेच सोपे वाक्य दिले. ध्यानात ठेवायची गोष्ट एवढीच, की अर्जातले सर्वांत कच्चे वाक्य पकडून ऑफिसकडून उत्तर येते. म्हणून अर्जात कच्चे वाक्यच ठेवायचे नाही.

आम्ही सभासदाला समोर बसवले आणि मसुद्यातल्या एकेका वाक्यावर बोट ठेवून एकच प्रश्न विचारला : ‘यावर समोरचा नाही म्हणाला, तर तुमच्याकडे काय आहे?’

‘पाटकरी पैसे खातो.’ यावर सभासद म्हणाले, ‘गाव सांगेल.’ गाव सांगते, पण सही करत नाही. ते वाक्य काढले. कोणी खरोखर पैसे मागितले असतील तर ती वेगळी तक्रार आहे. ती लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे करायची, त्यांचा फोन १०६४. पाण्याच्या अर्जात ती मिसळली की दोन्ही कामे बिघडतात.

‘रात्री मोटारी लावतात.’ हे पाहिले का, असे विचारल्यावर सभासद थोडे थांबले. मोटारी स्वतः पाहिल्या नव्हत्या. मग त्या सकाळी चारीवर काय पाहिले, असे विचारले. तेव्हा ते सहज म्हणाले, ‘सातव्या दारापर्यंत पाणी होतं की. आठव्यापासून खाली ठणठणीत.’ सगळ्या मसुद्यात नसलेली आणि सगळ्यांत मोलाची गोष्ट ही! शेजपाळीत पाणी शेवटाकडून वर देत यायचे असते. शेवटच्या दारांची पाळी चालू असताना सातव्या दारापर्यंत पाणी येते आणि आठव्याला येत नाही, तर ते मधे कुठे गेले हे ऑफिसलाच शोधावे लागते. चोर हा शब्द लिहावाच लागत नाही. रागाच्या भरात माणूस अंदाज लिहितो आणि डोळ्यांनी पाहिलेले लिहायचे राहून जाते, हे आम्ही अनेक अर्जांत पाहिले आहे.

‘आज्याने रान दिलं.’ हे खरे आहे आणि मनाला लागणारे आहे. पण या पाळीवरचा तुमचा हक्क नमुना नं. ७ भरून मिळालेल्या मंजूर पासावरून ठरतो. म्हणून त्या वाक्याच्या जागी पासाचा क्रमांक घातला. जमिनीच्या मोबदल्याचे काही राहिले असेल तर त्याचा अर्ज वेगळा. मोडक्या गेटाचाही वेगळा, कारण दुरुस्तीचे काम वेगळ्या टेबलावर जाते. एका अर्जात एकच विषय असावा.

‘चार वर्षं हेच चाललंय.’ आधीच्या वर्षांचा एखादा अर्ज, आवक नंबर, काही आहे का? नव्हते. मग वाक्य काढले. कागद असता तर ‘यापूर्वी अमुक तारखेस अर्ज दिला होता’ एवढेच लिहिले असते, आणि ते चार वर्षांच्या तक्रारीपेक्षा जड भरले असते.

कर्ज आणि लग्न काढले. उसाचे मात्र ठेवले, पण ‘वाळला’ असे न लिहिता शेवटचे पाणी कधी मिळाले ती तारीख लिहिली. ‘वाळला’ म्हटले की कोणीतरी येऊन ‘अजून हिरवा आहे’ असे लिहून जातो. पाण्याला चोवीस दिवस झाले, हे कोणालाही खोडता येत नाही.

राहिले कुलूप. खरोखर ठोकणार का, असे विचारल्यावर सभासद हसले. जे करायचे नाही ते लिहू नये. पहिल्यांदा ऑफिस घाबरते, दुसऱ्यांदा हसते. त्याच्या जागी पुढे खरोखर करायची पायरी लिहिली. मुदतीचेही तसेच. ‘चोवीस तासांत’ हे रागातून येते. आम्ही विचारले, कालवा कधी बंद होणार? २५ मार्चला. म्हणजे त्याच्या आत पाळी मिळाली तरच उपयोग. मुदत अशी कामातूनच काढावी, मग ती कोणाला जाचक वाटत नाही आणि नाकारताही येत नाही.

तयार झालेला अर्ज असा :

‘प्रति, मा. उपविभागीय अभियंता, पाटबंधारे उपविभाग.

विषय : चारी क्र. ५, दार क्र. ११ वरील चुकलेली पाळी मिळणेबाबत.

महोदय,

गट नं. २१२ मधील माझ्या ०.८० हेक्टर पूर्वहंगामी उसास चालू उन्हाळी हंगामासाठी पाणी मंजूर असून पासाची व पाणीपट्टीच्या पावतीची प्रत सोबत जोडली आहे.

शेजपाळीच्या कार्यक्रमाप्रमाणे माझी पाळी ११ मार्च रोजी सकाळी ६ ते दुपारी २ अशी होती. या वेळेत दार क्र. ११ वर पाणी आले नाही. सकाळी ९ वाजता दार क्र. ७ पर्यंत चारीत पाणी होते व दार क्र. ८ पासून खाली चारी कोरडी होती. त्याच दिवशी जागेवर केलेला व दोन लगतच्या शेतकऱ्यांच्या सह्या असलेला पंचनामा सोबत आहे.

या उसास यापूर्वीचे पाणी १८ फेब्रुवारी रोजी मिळाले. आज १४ मार्च रोजी त्यास २४ दिवस झाले आहेत.

तरी विनंती की, (१) चुकलेली पाळी १७ मार्चपर्यंत देण्यात यावी. (२) दार क्र. ७ ते ८ मधील चारीची पाहणी माझ्या समक्ष व्हावी. (३) केलेल्या कार्यवाहीची माहिती लेखी मिळावी.

कालवा २५ मार्च रोजी बंद होणार असल्याने वरील मुदतीत पाळी न मिळाल्यास हाच अर्ज कागदपत्रांसह मा. कार्यकारी अभियंता यांच्याकडे सादर करावा लागेल.

आपला विश्वासू,’

आता हा अर्ज चौकशीला खाली गेला तरी पाटकऱ्याला कशाला ‘नाही’ म्हणता येईल ते पाहा. पास आहे, पाळीची वेळ त्यांच्याच कार्यक्रमातली आहे, पंचनामा आहे. उत्तर द्यायचे तर पाण्याबद्दलच द्यावे लागते.

भाषेबद्दल थोडे. कोणी आम्हाला म्हणतात, ‘मऊ लिहायचं म्हणजे पाया पडायचं का?’ मुळीच नाही. रागाचा अर्ज परत आला की काहीजण दुसऱ्या टोकाला जातात आणि ‘आपण मायबाप आहात, गरिबावर कृपा व्हावी’ असे लिहितात. कृपा करायची की नाही हे देणाऱ्याच्या मर्जीवर असते. मंजूर पाळी ही कृपा नव्हे. म्हणून ‘विनंती’ हा शब्द एकदाच घालावा आणि मागण्या ‘देण्यात यावी, मिळावी’ अशा सरळ लिहाव्यात. वरच्या अर्जात ‘तुम्ही’ हा शब्द एकदाही आलेला नाही, हेही पाहा. ‘तुम्ही पाणी दिलं नाही’ म्हटले की माणूस स्वतःचा बचाव करू लागतो. ‘पाणी आले नाही’ म्हटले की ते का आले नाही हे शोधावे लागते.

अर्ज देण्यापूर्वी एक पाहून घ्या. काही चाऱ्या २००५ च्या कायद्याप्रमाणे पाणी वापर संस्थेच्या ताब्यात आहेत. तिथे खाते संस्थेला पाणी मोजून देते आणि पुढची वाटणी संस्था करते. अशा ठिकाणी पहिला अर्ज संस्थेच्या अध्यक्षांच्या नावे द्यावा, नाहीतर ‘संस्थेकडे संपर्क साधावा’ एवढ्या उत्तरात आठ दिवस जातात. अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात आणि आपल्या प्रतीवर आवक नंबर, तारीख व शिक्का घेऊनच ऑफिसबाहेर पडावे. पुढच्या पायरीवर हीच प्रत लागते.

धरणातच पाणी नसेल तर चांगल्या अर्जाने ते येणार नाही, हे आम्हालाही कळते. पण चारीत आलेले पाणी मधेच कुठे जाते, एवढे तरी विचारायला अर्ज पुरतो. आणि रात्री लिहिलेला मसुदा फाडू नका. राग त्यात उतरू द्या, मग सकाळी त्यावर बोट ठेवत वाचा. पंचनामा मात्र पाणी चुकले त्याच दिवशी, चारीवरच करा. तो दुसऱ्या दिवशी करता येत नाही.