घटक ४ : हलकीफुलकी कविता – शब्दखेळातून गंभीर आशयाकडे

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस –
• विनोदी वा चमत्कृतिपूर्ण कवितेतील शब्दखेळ नेमका कोठे आहे, हे दाखविता येईल.
• यमकाने जोडलेल्या दोन गोष्टींमधील साम्य आणि विरोध स्पष्ट करता येईल.
• शब्दखेळामागे गंभीर आशय आहे की केवळ खेळच आहे, याचा निर्णय कारणांसह देता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, 'केशवकुमार' या नावाने आचार्य अत्रे यांनी १९२५ साली 'झेंडूची फुले' हा विडंबनकवितांचा संग्रह प्रसिद्ध केला. याच अत्रे यांनी पुढे १९५२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'बहिणाबाईंची गाणी' या संग्रहाला प्रस्तावना लिहिली. वरवर पाहता या दोन पुस्तकांचा काही संबंध नाही. एक नागर कवींची थट्टा करणारे, तर दुसरे जळगावजवळच्या असोद्यात जन्मलेल्या, लिहितावाचता न येणाऱ्या शेतकरी स्त्रीचे. परंतु शब्दाचा आवाज आणि त्याचा अर्थ यांची गाठ कोठे बसते आणि कोठे सुटते, याची तीक्ष्ण जाण दोन्हीकडे आहे. या घटकात आपण बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांची 'कशाला काय म्हणूं नहीं' ही एकच रचना उदाहरणादाखल घेणार आहोत. मूळ कविता समोर ठेवूनच पुढील विवेचन वाचावे.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ रचनेचा साचा

या कवितेचा साचा चुटक्याचा आहे. प्रत्येक कडव्यात दोन गोष्टींचे नाव काढून घेतले जाते : अमुक काम न करणाऱ्या वस्तूला तिच्या नावाने हाक मारू नये. पहिली गोष्ट बहुधा शेताची किंवा घराची असते, तर दुसरी माणसाच्या शरीराची, नात्याची किंवा वृत्तीची. दोन्हींची नावे यमकाने जुळतात : बोंड आणि तोंड, पान आणि कान, रात आणि हात. पाचोऱ्यासारख्या कापूस पिकविणाऱ्या तालुक्यातील वाचकाला उकललेल्या पण कापूस नसलेल्या बोंडाचे दुःख समजावून सांगावे लागत नाही. कवयित्री त्या ओळखीच्या नुकसानीवरून माणसाच्या नुकसानीकडे येते.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. यमक कानाला सांगते की, हे दोन शब्द एका जातीचे आहेत. ते अर्थानेही एका जातीचे आहेत काय, हे वाचकाने तपासायचे असते. कविता केवळ चमत्कृतीची असेल तर या तपासणीत काहीच हाती लागत नाही. ती गंभीर असेल तर येथूनच आशय उलगडू लागतो.

४.२.२ मोट आणि पोट

एका कडव्यात विहिरीतून रिकामी वर येणारी मोट आणि केवळ स्वतःची भरती करणारे पोट यांना एकत्र आणले आहे. मोट म्हणजे बैलांच्या साहाय्याने पाणी ओढण्याचे चामड्याचे साधन. आता दोन्हींतील दोष शोधून पाहा. मोटेचा दोष ती रिकामी आहे हा, तर पोटाचा दोष ते भरलेले आहे हा. यमकाने जुळलेल्या या दोन वस्तू दोषाच्या बाबतीत परस्परविरुद्ध आहेत. तरीही दोघींचे नाव एकाच कारणाने जाते : दोघींकडून दुसऱ्याला काही मिळत नाही. रिकामी मोट पिकाला पाणी देत नाही आणि आपल्यापुरते भरलेले पोट दुसऱ्याच्या भुकेकडे पाहत नाही. हा विचार कवितेत कोठेही वेगळा सांगितलेला नाही. मोट–पोट या जोडीतील साम्य आणि विरोध एकत्र वाचले की तो हाती येतो.

याच कडव्यात आणखी एक सूक्ष्म खेळ आहे. विहिरीसाठी लेवा गणबोलीत 'येहेर' हा शब्द आहे आणि रिकामी या अर्थी 'रीती'. विहिरीच्या नावाचे विभक्तिरूप उच्चारताना त्यातील अक्षरे लगेच पुढच्या शब्दांत पुन्हा ऐकू येतात, जणू विहिरीच्या नावातूनच रितेपण बाहेर येते. हे कडवे प्रमाण मराठीत लिहून पाहा. 'विहीर' आणि 'रिकामी' हे शब्द घेताच अर्थ तसाच राहतो, पण हा ध्वनींचा खेळ नाहीसा होतो. गद्य रूपांतरात जे हरवते, तेच शब्दखेळाचे स्थान होय.

४.२.३ साप आणि बाप

दुसऱ्या एका कडव्यात वाटेवरच्या दोरीला साप म्हणू नये आणि पोटच्या मुलीला विकणाऱ्याला बाप म्हणू नये, असे सांगितले आहे. अखेरीस साप–बाप हे यमक आहेच, शिवाय आत दोरी–पोरी हेही जुळते. दोरीवर सापाचा भास होणे हा वेदान्तातील परिचित दृष्टान्त. येथे मात्र तो मायेचे तत्त्व सांगण्यासाठी आलेला नाही. दोरी भयंकर दिसते, पण निरुपद्रवी असते. मुलगी विकणारा रक्षणकर्ता दिसतो, पण घातक असतो. ज्याला भ्यायचे नाही त्याला आपण भितो आणि ज्याला भ्यायचे त्याला बाप म्हणतो, असा हा उलटा हिशेब आहे. वाचक 'साप' या शब्दाशी जुळणारा शब्द अपेक्षितच असतो, म्हणून 'बाप' सहज कानी पडतो. त्या सहजतेनंतर लगेच आघात जाणवतो. मुलीचा पैसा घेऊन लग्न लावण्याच्या व्यवहारावरचा आरोप कवयित्रीने असा चुटक्यात बसविला आहे.

४.२.४ मर्यादा : तात्पर्य लादू नये

प्रत्येक शब्दखेळामागे उपदेश असतोच, असे मानणे ही अभ्यासकांची नेहमीची चूक आहे. विंदा करंदीकरांच्या बालकवितांतील असंबद्धता वाचताना तर ही काळजी विशेष घ्यावी. असंबद्ध कवितेत वाक्यरचना आणि लय शिस्तबद्ध राहतात, फक्त जगाचा एखादा नियम उलटा होतो. तो नियम कोणता, हे आधी सांगावे. मोठ्यांचा अधिकार किंवा शाळेची शिस्त असा माणसांनी केलेला नियम उलटला असेल तर गंभीर आशयाला जागा असते. केवळ प्राणी, रंग वा आकार यांची अदलाबदल असेल तर नादाचा आनंद हेच उत्तर पुरेसे असते.

४.३ सराव

पाचोरा–जामनेर या अरुंद मापाच्या रेल्वेला लोक 'पीजे' म्हणत. विद्यार्थ्यांच्या बोलीत 'पीजे' म्हणजे फसलेला विनोद. केवळ सरावासाठी रचलेली पुढील द्विपदी वाचा :

पीजे म्हणून हसलो तिच्या संथ चालीवर,
पीजे झाली बंद आणि गाव गेले दूरवर.

१. श्लेष कोणत्या शब्दावर आहे? त्याचे दोन अर्थ लिहा.
२. दुसऱ्या ओळीत त्यांपैकी कोणता अर्थ उरतो?
३. गाव जागचे हलत नाही. मग ते 'दूर गेले' म्हणजे काय झाले?
४. हसणारा कोण आणि शेवटी हसू कोणावर उलटते?

उत्तराची दिशा : पहिल्या ओळीत 'पीजे'चे दोन्ही अर्थ चालतात, कारण गाडीची थट्टा होत आहे. दुसऱ्या ओळीत विनोदाचा अर्थ मागे पडून गाडीच उरते. गाव आणि पाचोरा यांतील अंतर तेच राहिले, ते कापण्याचे साधन गेले. थट्टा करणाराच गाडीवर अवलंबून होता, हे त्याला ती बंद झाल्यावर कळते.

४.४ सारांश

शब्दखेळ असलेली कविता वाचताना प्रथम खेळाचा शब्द शोधावा. मग जोडीतील साम्याबरोबर विरोधही मांडावा. त्यानंतर कवितेचे साधे गद्य करून काय हरवले ते पाहावे. हरवले ते केवळ नाद असेल तर तसे निःसंकोच लिहावे. नादाबरोबर एखादा आरोप, खंत वा प्रश्नही हरवला असेल, तर कवितेचा गंभीर आशय तोच होय.

४.५ स्वाध्याय

'कशाला काय म्हणूं नहीं' या कवितेतील 'रात–हात' आणि 'साय–माय' या जोड्या असलेली कडवी निवडा. प्रत्येकीतील साम्य व विरोध वरील पद्धतीने सुमारे १५० शब्दांत स्पष्ट करा.