कडक भाकरी व शेंगाचटणी यांची बांधणी : कमी खर्चात माल शाबूत कसा पोहोचवावा

सोलापूर जिल्ह्यात ज्वारीची कडक भाकरी व शेंगदाण्याची कुटलेली चटणी हे दोन्ही पदार्थ घरोघर होतात. अलीकडे अनेक बचत गट ते बाहेरगावी विक्रीसाठी पाठवू लागले आहेत. यांपैकी भाकरी धक्क्याने मोडते, तर चटणीचे तेल पुडीतून झिरपते. दोन्ही पदार्थ एकाच चुलीवर तयार होत असले, तरी त्यांची बांधणी एकाच रीतीने करणे योग्य नाही.

बांधणीवर किती खर्च करावा, हा प्रश्न गटांपुढे नेहमी येतो. पिशवी स्वस्त घेतली म्हणजे नफा वाढला, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु गिऱ्हाईक पैसे देते ते गावाहून निघालेल्या पुड्यांचे नव्हे, तर शाबूत पोहोचलेल्या पुड्यांचे. म्हणून खर्चाचा भागाकार निघालेल्या पुड्यांनी न करता पोहोचलेल्या चांगल्या पुड्यांनी करावा.

नुकसानीचे कारण ओळखणे

नवीन सामान विकत घेण्यापूर्वी माल कशाने बिघडतो ते पाहावे. यासाठी परगावच्या दुकानदारास खोके उघडताना मोडलेल्या पुड्या कोणत्या थरात सापडल्या, एवढे लिहून ठेवण्यास सांगावे. मोड मुख्यतः तळच्या थरात असेल, तर वरचा भार भाकरीवर आला असे समजावे. मोड एकाच कोपऱ्यात असेल, तर खोके त्या कोपऱ्यावर आपटले आहे. सर्व थरांतील भाकऱ्यांच्या कडा झडून पुडीत चुरा साठला असेल, तर माल सैल भरला गेला व वाटभर हिंदकळत राहिला. भाकरी न मोडता मऊ पडली असेल, तर दोष खोक्याचा नसून पिशवीच्या तोंडाचा आहे, किंवा भाकरी कोमट असतानाच भरली आहे. कोमट भाकरीतून निघालेली वाफ पिशवीतच अडकते व भाकरीचा कडकपणा जातो.

भाकरीची बांधणी

भाकरी पूर्ण गार झाल्यावर सारख्या आकाराच्या दहा भाकऱ्यांची चवड करावी. फुगीर अथवा वाकडी भाकरी मध्ये घालू नये. भार आला की प्रथम तीच मोडते व शेजारच्या भाकऱ्यांनाही मोडते. चवडीच्या वर व खाली कोऱ्या, खाद्यपदार्थास योग्य अशा जाड पुठ्ठ्याची एकेक चकती ठेवून पिशवी बंद करावी. छापील वर्तमानपत्राचा कागद वापरू नये. त्याच्या शाईतील द्रव्ये पदार्थात उतरतात व २०१८ च्या अन्न आवेष्टन नियमांनी त्याच्या वापरास बंदी आहे.

बाहेरील खोके पन्हळी पुठ्ठ्याचे असावे. त्यातील पन्हळी उभ्या राहतील अशा रीतीनेच खोके ठेवावे. आडवे ठेवल्यास त्याची भार पेलण्याची शक्ती बरीच घटते. खोक्याचे बळ मुख्यतः त्याच्या चार उभ्या कोपऱ्यांत असते. म्हणून एकावर एक खोकी रचताना कोपऱ्यावर कोपरा यावा. माल इतकाच भरावा की झाकण सपाट बसेल. झाकण फुगले, तर वरच्या खोक्याचा भार भिंतींवर न येता थेट भाकरीवर येतो. बाजूच्या मोकळ्या जागेत पुठ्ठ्याच्या पट्ट्या खोचाव्यात. खोके बंद करून हलविले असता आतून आवाज येऊ नये. एकदा वापरलेले किंवा ओल लागलेले खोके दिसण्यात चांगले असले, तरी भारास कमजोर झालेले असते.

हिशेबाचे उदाहरण

समजा, एका गटाने दहा भाकऱ्यांच्या ४० पुड्या सोलापूरहून पुण्यास एस. टी. च्या पार्सलने पाठविल्या. एका पुडीतील भाकऱ्यांचा उत्पादनखर्च ६० रुपये आहे. पिशवी १ रुपयाची, जुने खोके २० रुपयांचे, म्हणजे पुडीमागे ५० पैसे, आणि भाडे १२० रुपये, म्हणजे पुडीमागे ३ रुपये. एकूण खर्च पुडीमागे ६४ रु. ५० पैसे, व ४० पुड्यांचा २,५८० रुपये झाला. त्यांपैकी ६ पुड्या मोडल्या. उरलेल्या ३४ पुड्यांनी भागल्यास चांगली पुडी ७५ रु. ८८ पैशांस पडली.

पुढील खेपेस पुडीमागे दीड रुपयाच्या दोन चकत्या घातल्या व ६० रुपयांचे नवे पाचपदरी खोके घेतले. खोक्याचा खर्च पुडीमागे दीड रुपया झाला. एकूण खर्च पुडीमागे ६७ रुपये, म्हणजे ४० पुड्यांचा २,६८० रुपये झाला. या वेळी एकच पुडी मोडली. ३९ पुड्यांनी भागल्यास चांगली पुडी ६८ रु. ७२ पैशांस पडली. बांधणीवर पुडीमागे अडीच रुपये अधिक खर्चूनही चांगली पुडी सात रुपयांनी स्वस्त झाली.

तथापि खर्च वाढविल्याने नेहमीच लाभ होतो असे नाही. त्याच गटाने चकत्यांऐवजी १२ रुपयांचा प्लॅस्टिकचा कडक डबा वापरला, तर खोक्यात २४ पुड्याच मावतील. मग भाडे पुडीमागे ५ रुपये व खोके अडीच रुपये पडेल. एकही भाकरी न मोडता पुडी ८० रु. ५० पैशांस, म्हणजे जुन्या पद्धतीपेक्षाही महाग पडेल. डब्याच्या किमतीबरोबर तो किती जागा अडवितो, हेही हिशेबात धरावे.

चटणीची बांधणी

चटणीची पुडी गळते तेव्हा पिशवी पातळ होती असे म्हटले जाते. बहुधा दोष पिशवीच्या तोंडाशी असतो. भरताना तेल व कूट तोंडाच्या आतील बाजूस लागते व तेथे चिकटवण पक्की बसत नाही. यावर उपाय म्हणजे रुंद नळीचे नरसाळे पिशवीत खोल घालून चटणी भरणे व वरची तीन-चार बोटे जागा कोरडी राखणे. यासाठी पुडीमागे काहीही खर्च वाढत नाही.

चिकटवण तपासण्यासाठी दर वीस पुड्यांतील एक पुडी हाताने ओढून पाहावी. जोड सहज सुटला, तर यंत्राची उष्णता कमी आहे. जोडालगतचा पापुद्रा पातळ होऊन तुटला, तर उष्णता जास्त आहे. जोड न सुटता पिशवीच फाटली, तर चिकटवण योग्य समजावी. त्यानंतर एक पुडी कोऱ्या कागदावर आडवी ठेवून तिच्यावर दोन किलो वजन रात्रभर ठेवावे. सकाळी तोंडाशी डाग दिसल्यास दोष चिकटवणीचा, घडीच्या रेषेवर दिसल्यास घडी चिरल्याचा, व सर्वत्र दिसल्यास पिशवीच्या जातीचा होय. या शेवटच्या प्रसंगीच अधिक किमतीची अनेकपदरी पिशवी घ्यावी. माल दुकानात अनेक आठवडे राहणार असेल, तर मात्र उजेड अडविणारी चंदेरी अस्तराची पिशवी घेणे भाग आहे. कारण उजेड व हवा यांमुळे शेंगदाण्याचे तेल खवट होते.

चटणी व भाकरी एकाच खोक्यात भरू नयेत. एक पुडी गळली तरी तेलाने पुठ्ठा मऊ पडतो व भाकरीचे रक्षण करणारे खोकेच दबते.

पडताळा

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी गटास एकाच फेरीत एक खोके जुन्या व एक नव्या पद्धतीने भरून पाठविण्यास सांगावे, आणि दोन्हींतील शाबूत पुड्या मोजून वरीलप्रमाणे भागाकार करून दाखवावा. एका फेरीवरून निर्णय न घेता निदान तीन फेऱ्यांची नोंद ठेवावी, आणि त्यांतील एक फेरी पावसाळ्यातील असावी. कारण दमट हवेत पुठ्ठ्याचे बळ घटते व उन्हाळ्यात टिकलेले खोके त्या दिवसांत दबू शकते.