मागचं इंजिन

अगं, रडवेलं तोंड कशाला? दुसरीच्या बाई उद्या प्रशिक्षणाला गेल्या, तर त्यांची पोरं तुझ्या पहिलीत येऊन बसणार, एवढंच ना? आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत एका दिवसासाठी बदली बाई कुठे मिळते! शेजारच्या वर्गाच्या बाईच बदली बाई. तुझी एकोणीस आणि त्यांची तेवीस, बेचाळीस पोरं. जमतं, पण तयारी आज रात्री करायची.

परिपाठ सगळ्यांचा एकत्रच असतो, त्याची काळजी नको. खरी गडबड होते ती परिपाठानंतर वर्गात शिरताना. दुसरीची पोरं पाहुणी म्हणून येतात, खिडकीजवळची जागा बळकावतात, आणि तुझी पहिली बावरून जाते. म्हणून पट्ट्या आधीच घालून ठेव. पहिलीचं एकही मूल त्याच्या जागेवरून हलवू नकोस. प्रत्येकाच्या उजवीकडे दुसरीचं एक मूल बसव. एकोणीस जोड्या होतील, उरलेल्या चौघांच्या दोन जोड्या दाराजवळ. म्हणजे एकूण एकवीस.

हजेरी दोन्ही कॅटलॉगवर वेगवेगळी घे आणि लगेच आकडा स्वयंपाकाच्या मावशींना कळव. पाचवीपर्यंतच्या मुलाला शंभर ग्रॅम तांदूळ धरतात. बेचाळीस आली तर सव्वाचार किलोच्या आतबाहेर. आकडा उशिरा गेला की मधल्या सुट्टीत खिचडी कमी पडते, आणि उपाशी पोरांपुढे पुढचा तास घेणं म्हणजे शिक्षाच.

बाकी शिस्तीचं मी एकच सांगते, रांगेचं. आपल्या भिसेगावच्या पोरांना स्टेशन पाठ असतं. पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला घाट चढायला कर्जतला मागून इंजिन लावतात, हे त्यांना तुझ्याआधी ठाऊक. म्हणून हात धुवायला, पाण्याला, बाहेर जायला गाडी करायची. पुढे दुसरीचा एक, मागे दुसरीची एक दांडगी पोरगी, ती मागचं इंजिन. डबा सुटला की तिने आवाज द्यायचा. नेहमी मस्ती करणारं मूल मागे लाव, पुढे नको. पुढे लावलंस तर ते धावतं.

आता अभ्यास. दोन वर्गांना दोन धडे द्यायला जाऊ नकोस. एकीकडे फळ्यावर लिहीपर्यंत दुसरीकडे युद्ध पेटतं. दोघांना एकच काम दे, चिंचोक्यांचं. चाळीस-चाळीस चिंचोक्यांची एक पुडी, अशा एकवीस पुड्या. दोघांनी पुडीतून एकेक मूठ घ्यायची. घ्यायच्या आधी किती येतील त्याचा अंदाज सांगायचा. मग मोजायचं. समज, छोटूच्या मुठीत सोळा आले, मोठ्याच्या एकोणीस. दहा-दहाचे ढीग केले की छोटूचा एक दशक आणि सहा सुटे, मोठ्याचा एक दशक आणि नऊ सुटे. एकत्र केले तर दोन दशक, पंधरा सुटे. त्यातल्या दहांचा आणखी एक ढीग. तीन दशक, पाच सुटे, पस्तीस. हातच्याचा एक शब्दही न उच्चारता हातचा झाला. आणि बरोबर की चूक, ते तुला विचारायला नको. पुडीत पाच उरले असले तर बरोबर.

यात दोन ठिकाणी घोळ होतो. मोठं मूल स्वतःच सगळं सरकवून मोकळं होतं आणि छोटं नुसतं बघत बसतं. म्हणून नियम असा: चिंचोके फक्त छोट्याने सरकवायचे, पाटीवर फक्त मोठ्याने लिहायचं. वर्गात फिरताना पाटीकडे नाही, हाताकडे बघ. कुणाचा हात मांडीवर आहे ते लगेच कळतं. दुसरा घोळ नाकाचा. माझ्या पहिल्याच वर्षी एकाने चिंचोका नाकात घातला आणि मी त्याच्या आईला काय सांगू या विचाराने पांढरी पडले. तेव्हापासून पुडी परत घेताना चाळीस मोजून घेते. एक जरी कमी असला तरी ती जोडी जागची उठत नाही.

खिचडीनंतर पोरं सुस्तावतात, गणित नको. गोष्ट वाच, ऐन मोक्याला थांब, आणि पुढे काय झालं त्याचं चित्र काढायला लाव. पाऊस असला तरी हे चालतं. चित्रं मात्र दुसरीच्या बाईंसाठी ठेव. सोबत तीन ओळींची चिठ्ठी: किती आली, काय घेतलं, कुणाला लागलं किंवा कोण रडलं. दुसऱ्या दिवशी पालक आधी त्यांना विचारतात.

चिंचोके आईच्या पत्र्याच्या डब्यात आहेत, गेल्या उन्हाळ्यातले. जुनी वर्तमानपत्रं काढून ठेव. मी जेवून येते, एकवीस पुड्या दोघी मिळून बांधू.