एका दिवसाच्या बॅटरीवर झोपेची अखंड नोंद

आपल्या व्यवसायात स्वतःची झोप बहुधा अंदाजानेच मोजली जाते. मनगटी घड्याळाने आता ती मोजण्याची सोय झाली आहे. परंतु ॲपल वॉचच्या बहुतेक मॉडेलांची बॅटरी उत्पादकाच्याच मोजणीनुसार १८ ते २४ तास टिकते. घड्याळ रात्री उशाशी चार्जिंगला लावले, तर झोपेची नोंद होत नाही. मनगटावर ठेवले, तर ते पहाटे बंद पडण्याची भीती. तेव्हा दिवसातील कोणती वेळ चार्जिंगला द्यावी, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही.

तुकईथड परिसरात सेवा देणाऱ्या माझ्या एका डॉक्टर मित्राच्या महिन्याच्या नोंदी मी पाहिल्या. सरासरी झोप जवळजवळ सात तास भरत होती. तरीही दुपारी खुर्चीत त्यांचे डोळे मिटत. नीट पाहता तीस रात्रींपैकी अकरा रात्री कोऱ्या होत्या, आणि त्यातील नऊ रात्री तातडीच्या बोलावण्याच्या होत्या. कारण उघड होते. दिवस लांबला की घड्याळ अधिक खर्च होई, घरी यायला उशीर होई आणि थकून ते चार्जरवरच राही. म्हणजे गहाळ झालेल्या रात्री नेमक्या सर्वांत वाईट होत्या. निवडक रुग्णांवरून काढलेल्या निष्कर्षाची जी गत, तीच त्या सरासरीची!

उपाय शोधण्यापूर्वी खर्च मोजावा. तीन दिवस निजताना, उठल्यावर आणि रात्रीच्या जेवणापूर्वी बॅटरीची टक्केवारी टिपून ठेवावी. या मित्राच्या घड्याळाचा रात्रीच्या सात तासांत सुमारे १२ टक्के आणि दिवसा ताशी पावणेपाच टक्के खर्च होई. एकूण चोवीस तासांत ८५ ते ९० टक्के भरून काढणे आवश्यक होते.

येथे लिथियम बॅटरीचा एक स्वभाव ध्यानात घ्यावा. रिकामी असताना ती झपाट्याने भरते. ८० टक्क्यांनंतर तिचा वेग मंदावतो. जलद चार्जिंगच्या अनेक मॉडेलांत (सीरीज ७, सन २०२१ पासून) शून्य ते ८० टक्क्यांस सुमारे पाऊण तास लागतो. शेवटच्या २० टक्क्यांनाच आणखी अर्धा तास. म्हणून एकदाच दीर्घकाळ लावण्यापेक्षा दोन छोट्या वेळा किफायतशीर ठरतात, आणि त्यातील मोठा वाटा बॅटरी उतरलेली असतानाच्या वेळेस द्यावा. मात्र जलद चार्जिंगसाठी त्याच प्रकारची यूएसबी-सी केबल व योग्य अ‍ॅडाप्टर हवा. जुन्या केबलने वेळ बराच वाढतो.

मित्राने रात्रीच्या जेवणाचा अर्धा तास ठरवला. साडेआठला २५ टक्के असलेले घड्याळ नऊला ७८ वर येई, साडेदहाला निजताना ७० वर असे, आणि पहाटे साडेपाचला ५८ वर. त्यानंतर स्नान-पूजेच्या अर्ध्या तासात ते ९२ पर्यंत जाई व संध्याकाळपर्यंत पुरे. दोन्ही वेळी घड्याळ हातातून उतरतेच, त्यामुळे वेगळी आठवण ठेवावी लागत नाही. नवजात शिशुकक्षात जाताना आम्हां बालरोगतज्ज्ञांना कोपरापर्यंत हात धुण्यासाठी घड्याळ काढावेच लागते. ती तिसरी वेळ मी राखीव ठेवली आहे.

जेवणाच्या वेळीच बोलावणे आले तर? झोपेच्या नोंदीसाठी निजताना किमान ३० टक्के बॅटरी असावी, असे उत्पादक सांगतो. त्याच्याच म्हणण्यानुसार जलद चार्जरवरील आठ मिनिटे आठ तासांच्या नोंदीस पुरतात. कपडे बदलून दात घासेपर्यंत तेवढे होते. निजण्यापूर्वी चार्जिंगची आठवण देणारी सूचनाही सुरू ठेवावी.

आपल्याकडे दोन अडचणी विशेष. वीज गेली तर वेळ फुकट जाते, म्हणून जवळ पॉवर बँक असावी व घड्याळ लावताच हिरवी वीजखूण दिसते का ते पाहावे. दुसरी उन्हाळ्याची. ३५ अंशांपलीकडे हे उपकरण वापरू नये असे उत्पादक सांगतो आणि बॅटरी तापली की चार्जिंग ८० टक्क्यांवर अडते. मे महिन्यात खिडकीच्या कट्ट्यावर न ठेवता आतल्या खोलीत, जमिनीलगत ठेवावे.

नोंद तुटली तर कारण हृदयगतीच्या आलेखावरून कळते. मध्यरात्रीनंतर ठिपके एकदम थांबले व सकाळी चार्जिंगनंतरच पुन्हा दिसले, तर बॅटरी संपली. ठिपके तुरळक पण रात्रभर असतील, तर पट्टा सैल आहे. संध्याकाळपासूनच ठिपके नसतील, तर घड्याळ चार्जरवर राहिले. अर्थात निश्चल पडून जागे राहिल्यास घड्याळ त्यालाही झोप समजू शकते, तेव्हा आकडा थोडा वरचाच धरावा.

दुसऱ्या महिन्यात मित्राची एकच रात्र कोरी राहिली आणि सरासरी पावणेसहा तासांवर आली. बोलावण्याच्या रात्रीनंतर बऱ्हाणपूरला जायचे असल्यास ते आता स्वतः गाडी चालवत नाहीत.