खोडलेली पानथरी

फायनल एमबीबीएसच्या मेडिसिनच्या परीक्षेत माझ्या लाँग केसच्या कागदावर एक ओळ खोडलेली होती. ती ओळ बरोबर होती. खानदेशातल्याच एका महाविद्यालयातली ही गोष्ट. पेशंट होती सातपुड्याच्या पायथ्याकडची एकोणीस वर्षांची पावरा मुलगी. सोबत तिची आई होती, आणि आईला मोडकीतोडकी अहिराणी येत होती. आता जळगाव-धुळ्याकडच्या मुलांच्या केसेस तपासताना मी त्याच मुलीची केस सांगतो, कारण तिच्यात टिपणांपासून कागदापर्यंतची जवळजवळ प्रत्येक चूक मी करून बसलो होतो. परीक्षेत कागद इंग्रजीत लिहायचा असतो. इथे मी तो मराठीत उलगडतो.

१. रफ कागदाला आधी घडी घाला

पेशंट कधीच पुस्तकाच्या क्रमाने बोलत नाही. त्या आईने सुरुवात केली ती रक्त चढवण्यापासून. मग पोटातला गोळा, मग धाकट्या भावाचा मृत्यू, मग पुन्हा हाडांचं दुखणं. मी ओळीखाली ओळ लिहीत गेलो आणि वीस मिनिटांनी हातात एक घट्ट विणलेला, निरुपयोगी कागद उरला. फेअर करायला बसलो तेव्हा अर्धा वेळ शोधाशोधीत गेला.

आता मी मुलांना फुलस्केपची उभी घडी घालायला सांगतो. डावीकडच्या अरुंद पट्ट्यात फक्त काळ लिहायचा: वय, महिना, सण. उजवीकडे त्या काळात काय झालं ते. मागच्या बाजूला तपासणी. आई रक्त चढवण्यापासून सुरू करो की भावापासून, प्रत्येक गोष्ट आपापल्या काळासमोर जाऊन बसते. फेअर करताना पट्टा वरून खाली वाचला की आजाराची गोष्ट तयार असते. तासाभराची वेळ असेल, तर शेवटची वीस मिनिटं पेन फक्त फेअर कागदावर हवं. त्या वेळेत पेशंटला नवा प्रश्न विचारायला उठलात तर कागद अपुरा राहतो.

२. काळ पेशंटच्या कॅलेंडरने विचारा, कागदावर महिन्यांत लिहा

‘कधीपासून?’ या प्रश्नाला ‘लई दिवस’ एवढंच उत्तर येतं. ‘भोंगऱ्याच्या आधी की नंतर?’ असं विचारलं तर आई लगेच सांगते. होळीच्या आधीच्या आठवड्यात सातपुड्यात भोंगऱ्या बाजार भरतो. परीक्षा जानेवारीत असेल तर त्या खुणेपासून दहाएक महिने झालेले असतात. कापूस वेचणी सुरू झाली तेव्हापासून दम लागतो, म्हणजे साधारण तीन महिने. हे गणित पेशंटसमोरच करून घ्यावं. फेअर कागदावर आकडा असावा, पण रफच्या पट्ट्यात ‘भोंगऱ्या’ हा शब्द तसाच ठेवावा, म्हणजे परीक्षकाने कालावधी विचारला की तो कुठून आला ते सांगता येतं.

मुख्य तक्रारी तीनच लिहिल्या, सगळ्यात जुनी वर. डोळे पिवळे आणि अधूनमधून हातपाय दुखणं, लहानपणापासून. पोटात डाव्या बाजूला जडपणा, दहा महिने. चालताना दम, तीन महिने. ‘हातपाय दुखतस’ हे आईचे शब्द. त्याचं ‘पॉलिआर्थ्राल्जिया’ करण्याची घाई मी केली होती. ते चूक होतं, कारण नीट विचारल्यावर कळलं की दुखतात ती हाडं, सांधे नव्हेत. तक्रारीच्या ओळीत पेशंटचाच शब्द ठेवा. अर्थ पुढच्या परिच्छेदात लावा.

आणखी एक वाक्य मी पाठ करून लिहिलं होतं: ‘पेशंट सहा महिन्यांपूर्वीपर्यंत ठीक होती.’ जन्माबरोबर आलेल्या आजारात हे वाक्य सरळ खोटं ठरतं. सध्याच्या आजाराचा परिच्छेद इथे बाळपणीच सुरू व्हायला हवा होता: पहिल्या दोन वर्षांत हातापायांची बोटं सुजून दुखली, मग दर थंडीत किंवा तापानंतर हाडं दुखण्याचे झटके आले, दोनदा रक्त चढवलं. त्यानंतर या वर्षीची भर.

३. ‘नाही’ची प्रत्येक ओळ एखादं निदान खोडण्यासाठी असते

मुलं ‘निगेटिव्ह हिस्टरी’ म्हणून डोक्यापासून पायापर्यंत सगळं लिहून काढतात: खोकला नाही, डोकेदुखी नाही, फिट नाही. परीक्षक ते वाचतच नाही. आधी रफ कागदाच्या तळाशी चार-पाच शक्य निदानं लिहावीत आणि प्रत्येकासाठी एक-दोन ‘नाही’ निवडावेत.

तरुण मुलगी, फिकटपणा, कावीळ, डावीकडे गोळा. आपल्या भागात पहिला विचार सिकलसेलचा आणि थॅलेसेमियाचा. त्याखाली मलेरिया, यकृताकडे जाणारी पोर्टल शीर बंद झाल्याने वाढलेली प्लीहा, आणि रक्ताचा कर्करोग. मग लिहायचं: थंडी वाजून ताप आलेला नाही, हा मलेरियासाठी. रक्ताची उलटी नाही, काळी शौच नाही, हे पोर्टल शिरेसाठी. हिरड्यांतून रक्त नाही, अंगावर निळे डाग नाहीत, हे कर्करोगासाठी. खाज नाही आणि शौच पांढरी नाही, म्हणजे पित्ताचा मार्ग अडलेला नाही. लघवीचा रंगही विचारावा. लाल पेशी फुटून होणाऱ्या काविळीत डोळे पिवळे दिसतात, पण लघवी बहुधा अडथळ्याच्या काविळीसारखी गडद होत नाही. ही एक ओळ असली की परीक्षकाला विद्यार्थी कुठल्या दिशेने चालला आहे ते कळतं.

याच परिच्छेदाला घरची माहिती चिकटून हवी. तिचा धाकटा भाऊ तीन वर्षांचा असताना ‘अचानक पांढरा पडून’ गेला होता. ‘कौटुंबिक इतिहास: विशेष नाही’ असं मी चार शब्दांत उरकलं होतं, कारण आईने भावाचं सांगितलं तेव्हा मी रक्ताच्या बाटल्या मोजत होतो. सिकलसेलच्या लहान मुलात प्लीहेत अचानक रक्त अडकून मूल काही तासांत पांढरं पडू शकतं. भावाची ती ओळ माझ्या रफ कागदावर होती. फेअर कागदावर नव्हती.

४. हाताला लागलं ते आधी, नाव नंतर

तपासणीत मी रफवर लिहिलं होतं ‘स्प्लीन ++’. दोन अधिक चिन्हांचा अर्थ प्रत्येक परीक्षक वेगळा घेतो. फेअरवर असं यायला हवं: डाव्या बरगडीखाली गोळा, बरगडीच्या कडेपासून नाभीच्या दिशेने पाच सेंटीमीटर, पृष्ठभाग गुळगुळीत, टणक, दुखत नाही, श्वासाबरोबर खाली सरकतो, त्याच्या आणि बरगडीच्या मधे बोटं जात नाहीत, आतल्या कडेला खाच लागते, दोन हातांमध्ये उसळत नाही, वरून ठोकल्यावर आवाज बद्द. आणि मग शेवटी एक शब्द: प्लीहा, म्हणजे आपली पानथरी. या क्रमाने लिहिलं की डाव्या मूत्रपिंडाची शंका परीक्षकाने विचारण्याआधीच मिटते.

माझी चूक याच्या पुढची. निदान सिकलसेल असं ठरवलं आणि पुस्तकातली ओळ आठवली: सिकलसेलच्या मोठ्या पेशंटची प्लीहा वारंवार रक्तपुरवठा तुटून लहानपणीच आक्रसते आणि हाताला लागत नाही. माझ्या हाताला मात्र ती लागली होती. मला वाटलं, माझाच हात चुकला असेल. मी ओळ खोडली आणि लिहिलं, ‘प्लीहा लागत नाही’.

परीक्षकांनी कागद बघितला, मुलीला उताणं झोपवलं, उजव्या ओटीपोटापासून हात सरकवत वर आणला आणि खोल श्वास घ्यायला सांगितलं. मग माझा हात धरून तिथे ठेवला. ‘हे काय आहे?’ एवढंच विचारलं.

त्या दिवशी मला माहीत नव्हतं, ते असं. पुस्तकातलं वर्णन मुख्यतः आफ्रिकी वंशाच्या पेशंटवरून आलेलं आहे. मध्य आणि पश्चिम भारताच्या आदिवासी पट्ट्यातल्या सिकलसेलमध्ये जनुकाची वेगळी, अरब-भारतीय म्हणून ओळखली जाणारी जात सापडते. तिच्यात बाळपणीचं हिमोग्लोबिन, एचबीएफ, मोठेपणीही जास्त टिकतं, पेशींचा आकार तितका बिघडत नाही, आणि प्लीहा बऱ्याच जणांत तरुणपणीही वाढलेली राहते. म्हणजे तिची लागणारी पानथरी निदानाच्या विरोधात नव्हती. निष्कर्षासाठी निरीक्षण बदलायचं नसतं. विसंगत वाटलं तर ‘अपेक्षेपेक्षा वेगळं’ असं शेजारी लिहून ठेवावं आणि चर्चेत स्वतःहून काढावं.

सिकलसेलचा वैद्यकीय साहित्यातला पहिला अहवाल मी म्हणूनच मुलांना सांगतो. 1904 च्या डिसेंबरमध्ये ग्रेनाडा बेटावरचा एक विद्यार्थी शिकागोच्या रुग्णालयात दाखल झाला. त्याची हिस्टरी घेतली आणि रक्त पाहिलं ते अर्नेस्ट आयरन्स या इंटर्नने. वरिष्ठ डॉक्टर जेम्स हेरिक यांनी 1910 मध्ये ते छापलं. त्या पेशी कोयत्यासारख्या का दिसतात हे हेरिक यांना कळलेलं नव्हतं. दिसलं ते त्यांनी मांडलं, आणि आजाराचं नाव ठरवल्याचा दावा केला नाही.

५. निदान टप्प्यांत लिहा, आणि बेडवर जेवढं कळतं तेवढंच

सारांश चार ओळींचा असावा आणि त्यात नवीन काही येऊ नये. त्याखाली निदान. मी ‘सिकलसेल अॅनिमिया, एचबीएसएस’ लिहिलं होतं. परीक्षकांनी पेन टेकवून विचारलं, ‘एसएस कशावरून?’ हात आणि कान एसएस सांगू शकत नाहीत. सिकल आणि बीटा थॅलेसेमिया यांची जोडी असली तरी हेच चित्र दिसतं, प्लीहाही वाढलेली राहते. साधी विद्राव्यता चाचणी वाहक आणि आजारी दोघांतही होकार देते. खरा फरक इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीवर कळतो, आणि आई-वडिलांचं रक्त तपासल्यावर आणखी पक्का होतो.

आज मी त्या केसचं निदान असं लिहीन. लाल पेशी फुटून झालेला जुना रक्तक्षय, कारण बहुधा सिकलसेलच्या गटातलं, प्लीहा वाढलेली, या क्षणी तीव्र झटका नाही, डावा खुबा आत वळवताना आणि बाहेर न्यायला अडतो, म्हणून मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा गेल्याची शंका. खुब्याची ती ओळ मी रफवरही लिहिली नव्हती. मुलगी बेडवरच बसून होती आणि मी तिला चालायलाच सांगितलं नव्हतं. परीक्षकांनी सांगितलं. ती चार पावलं चालली, आणि डाव्या पायावर लंगडत परत बेडवर आली.