‘पत्रिका छापायचीय, डिझाइन पाठवा’ : एवढंच लिहाल, तर बिल किती येईल?

लग्न ठरलं, हॉल मिळाला आणि आता पत्रिका. तुम्ही दुकानाच्या व्हॉट्सअॅपवर लिहिता, ‘लग्नपत्रिका पाहिजे, डिझाइन पाठवा.’ पाच मिनिटांत तीन-चार फोटो येतात. दुकानदाराची यात चूक काही नाही. किती, केवढ्यात, कधीपर्यंत, यातलं काहीच तुम्ही सांगितलेलं नसतं. तो नमुने दाखवतो आणि तुमचा कल बघतो.

ही पद्धत पुष्कळदा चालते. पत्रिका कशी हवी ते सांगता येत नाही, पण समोर आल्यावर ‘ही नको’ हे लगेच सांगता येतं. मात्र नमुने खरोखर वेगळे असले पाहिजेत : एक साधं एकपानी कार्ड, एक तयार कंपनी कार्ड ज्यावर फक्त मजकूर छापतात, आणि एक पेटीतली किंवा सोनेरी फॉइलची पत्रिका. प्रत्येकाखाली दर हवा. हे तीन पाहून तुमचा तुम्हालाच अंदाज येतो. चारही फोटो लाल-सोनेरी आणि एकाच भावातले असतील, तर तो पर्याय नव्हे. दुकानातला जो माल हलवायचा आहे तो तुमच्यासमोर ठेवलाय, एवढाच त्याचा अर्थ. सरळ लिहा : ‘यापेक्षा निम्म्या दरातलं एक दाखवा.’

फसगत होते ती नमुन्याखालच्या आकड्यात. ‘२८ रुपये’ लिहिलेलं असतं, ते बहुतेक वेळा कोऱ्या कार्डाचे आणि पाकिटाचे. छपाई वेगळी. आकडे हिशेबापुरते धरू. ३०० पत्रिका, २८ रुपयांनी ८,४०० रुपये. दोन रंगांत मजकुराच्या छपाईचे १,८००. पाकिटावर ‘प्रेषक’ छापायचे ९००. झाले ११,१००, म्हणजे पत्रिका ३७ रुपयांना पडली. जीएसटी यात नसेल तर तो आणखी वर. म्हणून फोटो आवडला की पहिला प्रश्न एकच : ‘छापून, पाकिटासकट, कर धरून, ३०० नगांचे एकूण किती?’ उत्तर लेखी मागा, फोनवर नको.

छपाईचा प्रकारही विचारून घ्या, दर तिथेच फिरतो. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगाची वेगळी जाळी लागते, त्यामुळे रंग वाढला की पैसे वाढतात. ऑफसेटला प्लेटचा खर्च आधीच करावा लागतो, ५० छापा किंवा १,००० छापा. म्हणून मोठ्या संख्येला ते स्वस्त पडतं. कमी पत्रिका असतील तर डिजिटल परवडतं. सोनेरी फॉइलला ठसा करावा लागतो, त्याचे पैसे वेगळे. तुम्हाला ६० पत्रिका हव्या असताना ऑफसेटचा नमुना निवडलात, तर दर ऐकून धक्का बसणारच. संख्या सांगितल्याशिवाय नमुने मागण्यात हीच मोठी अडचण आहे.

काही प्रसंगी नमुने पाठवणंच अंगाशी येतं. बौद्ध कुटुंबाने ‘पत्रिका पाहिजे’ एवढंच लिहिलं आणि तिकडून तीन गणपती आले, तर निवडण्यासारखं त्यात काय आहे? त्यांना बुद्ध आणि बाबासाहेबांची प्रतिमा, ‘मंगल परिणय’ असा मथळा हवा असतो. ख्रिस्ती, मुस्लिम, जैन घरांचंही तसंच. नोंदणी विवाह करून फक्त स्वागत समारंभाला बोलावणाऱ्यांना मुहूर्ताची जागाच नको असते. अशा वेळी दुकानदाराने आधी एक प्रश्न विचारायला हवा होता. त्याने विचारला नाही तर तुम्ही सांगा, नाहीतर आणखी दोन दिवस नको ते फोटो येत राहतील.

दुसरा घोळ घरचा. नमुने फॅमिली ग्रुपवर टाकू नका, म्हणजे किमान चारही एकदम नको. आत्याला पहिल्यातला गणपती आवडतो, मामाला दुसऱ्याची किनार, नवऱ्या मुलाला तिसऱ्याचा रंग. हे सगळं मिळून दुकानात पोचतं तेव्हा ते नमुना राहत नाही, नवं डिझाइन होतं. तयार कार्डावरचं चित्र आणि किनार आधीच छापलेली असते, ती कुणाला बदलता येत नाही. नव्या डिझाइनचे पैसे लागतात आणि आठवडाही जातो. दोघांनी मिळून दोन नमुने काढा आणि घरच्यांना तेवढेच दाखवा.

कार्ड फोटोवर ठरवू नका. मोबाइलवर मरून दिसणारा रंग हातात घेतल्यावर विटकरी निघतो, आणि कागदाची जाडी फोटोत कळत नाही. एक कोरं कार्ड मागवून घ्या. पैसे मागितले तर ऑर्डरमध्ये वळते करणार का, ते विचारा. मुंबईत असाल तर गिरगावात खाडिलकर रोडला (जुन्यांच्या तोंडी कांदेवाडी) पत्रिकांची दुकानं लागून आहेत. एका दुपारी हातात घेऊन बघून होतं.

मग मजकूर. नमुन्यावर दुसऱ्याच कुणाची तरी नावं असतात. मजकूर भरताना जुन्या पत्रिकेतला हॉलचा पत्ता किंवा ‘दु. १२ वा. ३५ मि.’ तसंच राहून जातं. शिवाय अनेक छापखान्यांत मराठी अजून जुन्या फॉण्टमध्ये टाइप होतं. तुम्ही मोबाइलवरून पाठवलेला मजकूर तिथे जसाच्या तसा उतरेलच असं नाही. ‘सूर्यवंशी’, ‘कऱ्हाड’ अशी जोडाक्षरं मोडतात. कच्चा नमुना आला की हे क्रमाने तपासा : चि. आणि चि.सौ.कां.च्या पुढची नावं, तारीख आणि वार जुळतो का, मुहूर्त, हॉलचा पत्ता, फोन नंबर, निमंत्रकांची नावं. घरातल्या अशा माणसाला वाचायला द्या ज्याने आधी वाचलेलं नाही. तुम्ही ‘ओके’ लिहिलंत की पुढची चूक तुमची. पुन्हा छपाईचे पैसेही तुमचेच. दुरुस्ती किती वेळा फुकट, हे आगाऊ रक्कम देण्यापूर्वी ठरवा.

टोपणनावं छापायचा मोह आवरा. महाराष्ट्रात विवाहनोंदणी करताना लग्नपत्रिका मागतात. आधारवर ‘वैष्णवी’ आणि पत्रिकेवर ‘पिंकी’ असेल तर खिडकीवर खुलासा करत बसावं लागतं. दोन-तीन पत्रिका नोंदणीसाठी बाजूला काढून ठेवा.

वेळेचं सांगायचं तर पत्रिका लग्नाआधी महिनाभर हातात असावी आणि त्याआधी तीन आठवडे छपाईला धरा. तुळशीच्या लग्नानंतर हंगाम सुरू होतो, तेव्हा आणखी थोडे दिवस वाढवा. घाईच्या छपाईचा जादा आकार लावतात, तो बिलावर वेगळा दाखवायला सांगा.

तर पहिलाच मेसेज असा लिहा : ‘३०० पत्रिका, हिंदू विवाह, मराठी मजकूर. छापून पाकिटासकट, कर धरून २० रुपयांपर्यंत. १० नोव्हेंबरपर्यंत हातात हव्यात. या दरातले तीन वेगवेगळे नमुने आणि प्रत्येकाचा एकूण खर्च कळवा.’ रक्कम सांगितली की दुकानदार तेवढे घेईलच, अशी धास्ती वाटते. तसं होतं कधीकधी. मग हाच मेसेज दोन दुकानांना पाठवा.

संख्या ठरवताना लागतील त्यापेक्षा २०-२५ जास्तच सांगा. मागाहून २५ पत्रिकांसाठी जाळी नाहीतर प्लेट पुन्हा लावावी लागते, आणि तोवर ते कार्ड दुकानातून संपलेलंही असू शकतं.