घरच्या पाण्याची लाइन : पाइप किती इंची घ्यावा?


चाकण, म्हाळुंगे, निघोजे भागात कंपन्या आल्यापासून आपल्यापैकी बऱ्याच जणांनी घराशेजारी भाड्याच्या खोल्या काढल्या. टाकी वर गेली, विहीर मात्र शेतातच राहिली. मग "मोटर चांगली आहे, पण टाकी भरत नाही" अशी तक्रार आमच्याकडे येते. अशा वेळी मोटर बदलण्याआधी पाइप पाहावा, असे आम्ही सांगतो.

पाणी पाइपातून वाहताना आतल्या भिंतीला घासते आणि त्यात दाब खर्च होतो. हा घर्षणाचा तोटा आपण मीटर उंचीत मोजतो. म्हणजे मोटरीला पाणी तेवढे जास्त चढवावे लागते, असे समजावे. प्रवाह तोच ठेवून आतला व्यास निम्मा केला, तर तोटा जवळजवळ तीसपट होतो.

एक उदाहरण घेऊ. विहिरीपासून टाकी 300 मीटर लांब आहे. विहिरीतल्या पाण्यापासून टाकीची उंची 20 मीटर. हजार लिटरची टाकी अर्ध्या तासाच्या आसपास भरायची, तर मिनिटाला 30 लिटर पाणी पाहिजे. प्लॅस्टिक पाइपाचा आतला व्यास 25 मि.मी. असेल, तर घर्षणात सुमारे 17 मीटर जातात. मोटरीवर 20 ऐवजी 37 मीटरचा भार पडतो. व्यास 32 असेल तर तोटा 5 मीटरवर येतो आणि 36 असेल तर 3 मीटरच्या आत. त्याहून मोठा पाइप घेऊन वाचतील ते एक-दोन मीटरच, म्हणून तो खर्च करू नये. लाइन 30 मीटरच असती, तर 25 मि.मी.मध्येही तोटा पावणेदोन मीटरच झाला असता. म्हणून शेजाऱ्याचा पाइप पाहून आपला ठरवू नये, आपले अंतर मोजावे.

खरेदीत इथेच फसगत होते. जी.आय. पाइपाचे माप साधारण आतल्या व्यासाचे असते, पण शेतीच्या पीव्हीसी पाइपावर बाहेरचा व्यास छापतात. 32 छापलेला जाड पाइप आतून 28च्या आसपास भरतो, आणि आपल्या उदाहरणात तोटा साडेनऊ मीटरवर जातो. इथे 40 छापलेला पाइप मागावा, तो आतून 35 ते 37 भरतो.

जुन्या लाइनीची परीक्षा सोपी आहे. मोटरीजवळ, नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच्या पुढे दाबाचे गेज बसवावे. टाकीत पाणी पडू लागल्यावर आकडा पाहावा. मग मोटर बंद करून लाइन भरलेली असतानाच पुन्हा पाहावा. दोन्हींतला फरक हाच घर्षणाचा तोटा. एक किलो म्हणजे दहा मीटर. चालू असताना 3.3 किलो आणि बंद केल्यावर 1.6 किलो दिसले, तर 17 मीटर पाइपातच जिरतात. फरक थोडा असूनही पाणी कमी येत असेल, तर दोष पाइपात नाही. मग मोटर, फूटव्हॉल्व्ह आणि सक्शनची बाजू तपासावी.

— ऊस विकास अधिकारी